वरच्या दोन ओळी

ठकीच्या तोंडातला घास तसाच राहिला, तेव्हा मावशीला जाणवलं, की आपण काहीतरी बोलून बसलो आहोत. काय, ते लगेच लक्षात आलं नाही. हातात जुनं पोस्टकार्ड होतं, चष्मा कपाळावर ढकललेला होता, आणि संध्याकाळी दमलेलं माणूस जसं वाचतं तसं ती ते वाचत गेली होती, म्हणजे तिकडची भाषा डोळ्यांनी उचलायची आणि आपली तोंडावाटे सोडून द्यायची, मध्ये आपण असायचंच नाही. दिवसभर ती इस्पितळात हेच करत असे. "निघताना तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही," असं ती म्हणाली होती. "रागावू नकोस. मी सुखरूप पोचले. खोली लहान आहे, पण खिडकीतून पाणी दिसतं. इथे रोज पाऊस आहे, तेव्हा तिचा चांगला उपयोग होतोय. जिन्यातल्या कुंडीला पाणी घाल, पण फार नको." खाली सही म्हणून नुसतं एक अक्षर होतं. समोर बसलेली दहा वर्षांची पोर गालात घास धरून तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचे कान हळूहळू लाल होत होते. लाज वाटली किंवा रडू आलं, की तिच्या आईचेही कान असेच लाल व्हायचे. मग ठकीनं घास गिळला, हात पुसला, कार्ड मावशीच्या बोटांतून अलगद काढून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

कार्ड सापडलं होतं नद्यांवरच्या पुलांच्या पुस्तकात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ठकी नेहमी दाराजवळच्या खोक्यात हात घालायची, कारण तिथली पुस्तकं कुणी लावून ठेवलेली नसत आणि उचकायला कुणी रागवत नसे. जगभरचे पूल, त्यांचे खांब, तारा, कमानी, सगळं चित्रांत. मजकूर मात्र मावशीच्या भाषेत. मावशीची भाषा म्हणजे तिची जन्माची नव्हे. तरुणपणी ती तिकडे शिकायला गेली, चार वर्षं राहिली आणि येताना भाषा तेवढी घेऊन आली. लग्न नाही, मोटार नाही, फ्रिजसुद्धा थोरल्या बहिणीनं जुना दिलेला. तिच्या नावावर काय आहे असं विचारलं, तर ही भाषा. "तुला वाचता येईल म्हणून घेतलं," असं ठकी पुस्तक दाखवताना म्हणाली होती, म्हणजे मोठ्या उदारपणे. एका झुलत्या पुलाच्या पानात कार्ड खुणेसाठी घातलेलं होतं. त्याची वरची दोन बोटं रुंद पट्टी पुस्तकाबाहेर डोकावत राहिलेली असणार, कारण तेवढीच उन्हानं पार धुऊन काढली होती. तळ्याकाठच्या हॉटेलाच्या चित्रातलं आभाळ वर पांढरं आणि खाली निळं असं दोन तुकड्यांत विभागलं होतं, आणि मागच्या बाजूला बॉलपेननं लिहिलेल्या मजकुराच्या पहिल्या दोन ओळी जवळजवळ गेलेल्या होत्या. बाकीच्या ओळी पुस्तकाच्या पोटात राहिल्यामुळे शाबूत होत्या.

मावशी दुभाषी होती. या कामाचा एक नियम आहे, तो लोकांना पहिल्यांदा विचित्र वाटतो. दुभाष्यानं कधीही 'ते म्हणतात की' असं म्हणायचं नाही. रोगी म्हणाला माझ्या छातीत दुखतं, तर आपणही म्हणायचं माझ्या छातीत दुखतं. डॉक्टर म्हणाले मी उद्या ऑपरेशन करीन, तर आपणही म्हणायचं मी उद्या ऑपरेशन करीन. रोग्याच्या खांद्याच्या किंचित मागे उभं राहायचं, म्हणजे ती दोघं एकमेकांकडे बघतात आणि आपण नुसता आवाज उरतो. एखादा शब्द ऐकू आला नाही, तर स्वतःबद्दलच परक्यासारखं बोलायचं: दुभाषीला हा शब्द पुन्हा हवा आहे. त्या सकाळी ती एका गोदी कामगाराची 'मी' झाली होती, ज्याला पाय राहणार की जाणार एवढंच विचारायचं होतं. मग त्याच्या बायकोची. मग एका म्हाताऱ्याची, जो आपल्याला काहीही झालेलं नाही असं ठासून सांगत होता. दुपारच्या डब्याच्या वेळी कँटीनमधल्या पोऱ्यानं तुम्हाला चहा की कॉफी असं विचारलं, तेव्हा तिला क्षणभर उत्तर देता येईना. अशा बाईला घरी येऊन 'मी सुखरूप पोचले' असं म्हणायला काहीच वाटलं नाही, यात नवल नव्हतं. पण समोर ठकी होती, आणि तिची आई नि मावशी, दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा होता, की फोनवर सख्खा नवरासुद्धा फसायचा.

ठकीची आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. लहानसं ऑपरेशन होतं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असं सांगितलेलं. पहाटे टॅक्सी आली तेव्हा ठकी झोपलेली होती. त्यानंतर मावशी आपल्या दोन सुटकेसी आणि इस्तरी घेऊन या घरी राहायला आली ती आलीच. ठकी रडली, शाळेत जाऊ लागली, जेवू लागली, भांडूसुद्धा लागली, पण झोपेना. म्हणजे अंथरुणावर पडे, डोळे मिटे, आणि दाराची कडी नुसती हलली तरी ताडकन उठून बसे. "कोण चाललंय?" मावशी पहाटेच्या पाळीला निघाली, की अंधारात हा प्रश्न ठरलेला. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला रात्री-बेरात्री बोलावणं येई, कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असे. तोही चोरासारखा बूट हातात घेऊन बाहेर पडे आणि तरीही पकडला जाई. पोरीच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं, आणि वर्गात ती बाकावर डोकं ठेवून झोपते अशी तक्रार दोनदा आली होती. कुणी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. मला का उठवलं नाही, हा तिचा प्रश्न होता, हे मावशीला त्या संध्याकाळपर्यंत सुचलंही नव्हतं. ते लाल कान बघून सुचलं.

तर ठकी म्हणाली, पुन्हा वाच, आणि मावशीनं पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. कार्ड कुण्या परक्या बाईनं कुण्या परक्या बाईला लिहिलेलं आहे, हे ठकीला पक्कं ठाऊक होतं. ती काही बावळट नव्हती. पत्ता तिनं स्वतः बोट ठेवून विचारला होता, छापील ओळीत हॉटेलचं नाव आहे हेही विचारून घेतलं होतं. पण अंथरुणावर पडल्यावर ती कार्ड छातीवर ठेवी आणि म्हणे, "सुरुवातीचं." मग मावशी सुरुवातीचं म्हणे, आणि तिच्या अंगाचं हळूहळू मऊ ओझं होई. चौथ्या की पाचव्या दिवशी ठकीचा बाबा रात्रपाळीहून आला, तो स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा राहिला. ग्रीस नखांतून कधी पूर्ण जात नसे, तरी तो पुसत राही.

"मी काल निघालो तेव्हा दार आपटलं," तो म्हणाला. "हातातून सुटलं. ती उठलीच नाही."

"हो. मीपण ऐकलं."

"तू काय वाचतेस तिला?"

"कार्ड आहे एक जुनं. पुस्तकात सापडलेलं."

"वाचत राहा," तो म्हणाला, आणि वळून उगाच नळ दुरुस्त करायला लागला, जो गळत नव्हता. भावजींना रडू आलं की घरातली एक तरी वस्तू दुरुस्त होते, हे मावशीला आता माहीत झालं होतं. तिनं त्यांना पाना दिला आणि तिथून निघून आली. मनात मात्र एक शंका आली. त्या पहिल्या दोन ओळी तिनं खरंच वाचल्या होत्या का? दुभाष्याला वाक्य संपायच्या आधीच ते कुठे जाणार हे ओळखावं लागतं, नाहीतर तो मागे पडतो. ऐकलेलं निम्मं आणि ताडलेलं निम्मं, असा हा धंदा. 'निघताना' हा शब्द दिसत होता. ओळीच्या शेवटी नकार दिसत होता. 'रागावू नकोस' तर स्वच्छ होतं. मधल्या फिकट जागेवरून तिचे डोळे घसरत गेले होते आणि तोंड थांबलं नव्हतं. इस्पितळात असं झालं असतं, तर तिनं हात वर करून म्हटलं असतं, दुभाषीला इथलं वाचता येत नाही. घरी ती म्हणाली नाही. घरी कोण म्हणतं?

रविवारी सकाळी ठकीनं पुलांचं पुस्तक, कार्ड आणि एक कोरा कागद जेवणाच्या टेबलावर मांडला. "लिहून दे. मला पुस्तकात चिकटवायचंय. आणि खाली सही कर, शिक्का मार, तू इस्पितळाच्या कागदांवर मारतेस तसा."

"शिक्का कशाला? हे काय कोर्टात द्यायचंय?"

"मग खरं कसं कळणार?" ठकी म्हणाली. वर्षभरात या पोरीला सगळ्यांनी गोड गोड सांगितलं होतं. आई बघते आहे वरून, आई तारा झाली, आईला आता दुखत नाही. ती ऐकून घेई आणि कुणाच्याच सांगण्याखाली शिक्का नसल्याचं मनाशी नोंदवून ठेवत असणार. मावशीचा शिक्का कपाटात होता, लहानसा, गोल, आणि त्याच्यासोबत लिहायचं वाक्य ठरलेलं होतं: हे भाषांतर मूळ मजकुराप्रमाणे आहे, त्यात काही वाढवलेलं वा गाळलेलं नाही. ते वाक्य तिनं आजवर इतक्यांदा लिहिलं होतं, की त्याचा अर्थ हाताला माहीत होता, डोक्याला लागत नव्हता. आज लागला. नुसतं लिहून मोकळं व्हावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. कोण तपासणार होतं?

पण भाषांतर लेखी करायचं, तर आधी नक्कल करावी लागते. तोंडी वाचताना जे खपून जातं ते नकलेत खपत नाही. मूळ कार्डात जिथे ओळ मोडली आहे तिथेच ओळ मोडायची, जे अक्षर दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही त्याच्या जागी एक टिंब द्यायचं. शंका असेल तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. तिकीट, टपालाचा शिक्का, छापील मजकूर, सगळं लिहायचं, खाडाखोडसुद्धा. ठकीला हे फार आवडलं. ती टिंबं मोजायच्या कामावर बसली. पहिल्या ओळीत 'निघताना' नंतर टिंबांची माळच लागली, दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या नकारापर्यंत. ठकी पेन्सिल चावत त्या माळेकडे बघत राहिली.

"एवढी टिंबं? मग तू वाचलंस कसं?"

 मावशी उठली, पडदा ओढला, खोलीत अंधार केला आणि भावजींच्या हत्यारांच्या पेटीतली बॅटरी आणली. बॉलपेनची शाई उन्हानं उडते, पण पेन दाबून लिहिलेलं असतं, त्याची चरी कागदात राहते. वरून उजेड टाकला तर ती दिसत नाही. बॅटरी कागदाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड सोडला, की चरीच्या एका काठावर सावली पडते. तिनं बॅटरी ठकीच्या हातात दिली. "टेबलावर टेकव. अशी. आता हळूहळू फिरव, मी सांगते तिथे थांब." अक्षरं एका बाजूनं उजळत, दुसऱ्या बाजूनं बुडत होती, उभ्या रेघा एका कोनातून दिसत, आडव्या दुसऱ्या. तिनं फोननं तीन-चार कोनांतून फोटो काढले, रंग काढून टाकून काळं-पांढरं केलं, गडद केलं. खालच्या ओळींत हीच बाई हे अक्षर कसं काढते, ते पाहून वरच्या चरीशी ताडून बघितलं. टिंबांच्या जागी एकेक अक्षर बसत गेलं. तिथे झोप नव्हती. उठवणं नव्हतं.

ठकी मात्र बॅटरी टेबलावर ठेवून तिच्या उजेडात खालच्या ओळींवर आली होती. तिनं आठवणीनं मराठी लिहायला घेतलं होतं, आणि एका जागी थांबली. "इथे रोज पाऊस आहे, तेव्हा तिचा उपयोग होतोय," तिनं वाचलं. "तिचा म्हणजे कुणाचा गं?"

मावशी बॅटरीच्या उजेडाकडे बघत बसली. पहिल्या दिवशी हा शब्द तिच्याच तोंडून गेला होता, आणि तिला अडलं नव्हतं. पोरीला अडलं. मावशीला वाटलं, आत्ता थाप मारता येईल. खोलीचा उपयोग, खिडकीचा उपयोग, काहीही. रात्री पोर झोपेल. भावजींना दार आपटता येईल. कुणाचं काय जाणार होतं? पण मग हीच पोर मोठी होईल, ही भाषा शिकेल (शिकणारच होती, लक्षणं दिसत होती), आणि एक दिवस बॅटरी घेऊन बसेल. मावशीनं पडदा सारला. उजेड आल्यावर दोघींनी डोळे मिचकावले.

"छत्रीचा," मावशी म्हणाली.

"छत्री?"

"वरच्या ओळींत छत्री आहे. निघताना तुझी छत्री जागेवर ठेवली नाही, माझ्याबरोबर आली. रागावू नकोस. असं आहे ते."

ठकीच्या चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं, छत्रीचं, आणि मध्येच कुठेतरी ते अडलं. तिनं नकलेकडे बघितलं, मग कार्डाकडे. कान लाल होऊ लागले. "मग 'झोपली होतीस'चं?"

"ते कार्डात नाही."

"'उठवलं नाही'चं?"

"नाही. तेही नाही."

"मग ते कोण म्हणालं?"

वर्षानुवर्षं मावशी या प्रश्नाला तयार होती. कुणी असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: दुभाषी म्हणते. हा शब्द जिभेवर आलासुद्धा. मग तिला आपली बहीण दिसली, त्या पहाटेची. त्या दिवशी इस्पितळात डॉक्टर मराठीतच बोलत होते; मावशीला काही करायचं नव्हतं, कुणाचा आवाज व्हायचं नव्हतं, ती नुसती भिंतीपाशी पिशवी धरून उभी होती, आणि त्या दिवसानंतर जे काही तिनं पाहिलं-ऐकलं ते तसंच पिशवीसारखं धरून ठेवलेलं होतं. कुणी मागितलं नाही, म्हणून दिलं नाही. तिची शिस्त तशी होती.

"मी म्हणाले," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, आणि तिला तो ओळखीचा वाटला नाही. "मला त्या ओळी दिसल्या नाहीत. मला दुसरंच दिसत होतं, ते मी बोलले. मी तिथे होते ना त्या दिवशी. मी टॅक्सी घेऊन आले होते."

ठकी उठून गेली नाही. 

"तुझी आई तुझ्या खोलीच्या दारात उभी होती. चपला हातात घेऊन, आवाज नको म्हणून. मी म्हटलं, उठवू का हिला? तर म्हणाली, नको, झोपू दे, संध्याकाळी येतेच आहे मी. मग म्हणाली, ऐक, बापासारखी घोरते. आणि हसली. आम्ही दोघी हसलो तिथे, तोंडावर हात ठेवून."

"मी घोरत नाही."

"त्या दिवशी घोरत होतीस. मग आम्ही जिन्यापर्यंत गेलो, आणि ती परत आली. तुझा हात पलंगाबाहेर लोंबत होता, तो तिनं उचलून आत ठेवला. पांघरूण ओढलं. मी दारातून हळूच हाक मारली, चल गं, टॅक्सी थांबलीय. तिला परत यायचंच होतं, ठके. तिला माहीत असतं, तर तिनं तुला उठवलं असतं. मी सांगते. हे मी सांगते, दुसरं कुणी नाही."

मग ठकी रडली. वर्षभर ती बेतानं, पाहुण्यांसमोर रडतात तशी रडत आली होती. आता तोंड वेडंवाकडं करून, नाक गळत, आवाज करत रडली, आणि तिच्याबरोबर मावशीही रडली, जी इस्पितळात लोकांच्या वतीनं कधी रडत नसे, कारण रडण्याचं भाषांतर करायचं नसतं. शेजारच्या खोलीत भावजींनी कपाटाचं बिजागर ठोकायला सुरुवात केली. सगळं शांत झाल्यावर ठकीनं बाहीनं नाक पुसलं आणि कागद पुढे ओढला. "लिही," ती म्हणाली. "छत्रीचं लिही. खरं आहे ते." मावशीनं लिहिलं, तळ्याचं, खिडकीचं, छत्रीचं, कुंडीला फार पाणी नकोचं, एक शब्द शेवटपर्यंत लागला नाही, तिथे तिनं 'वाचता येत नाही' असं कंसात लिहिलं. खाली ठरलेलं वाक्य लिहून सही केली, शिक्का मारला. ठकीनं कागद झुलत्या पुलाच्या पानात चिकटवला आणि कार्ड पूर्ण आत सरकवलं, टोकसुद्धा बाहेर राहू नये असं. रात्री तिनं काही वाचायला सांगितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि मावशीला बराच वेळ समजेना, ती जागी आहे की काय.

पहाटे मावशीची पाळी होती. चहा घेऊन तिनं चपला हातात घेतल्या, सवयीनं, आणि दारापर्यंत आल्यावर थांबली. मग तिनं चपला खाली टाकल्या, चांगल्या आवाज करून पायात घातल्या आणि ठकीच्या खोलीत गेली. पोर तोंड उघडं टाकून झोपली होती, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता, आणि ती घोरत होती, हे शपथेवर सांगता आलं असतं. मावशी वाकली. तिला उठवणं जिवावर आलं. बहिणीलाही असंच जिवावर आलं असणार, हे तिला आत्ता समजलं, आणि तिनं खांदा हलवला.

"ठके. ऊठ जरा. मी निघाले."

"कोण?" ठकी डोळे न उघडता म्हणाली.

"मी. मावशी. संध्याकाळी येते."

"बरं," ठकी म्हणाली. हात आत घेतला, कुशीवर वळली, आणि झोपेतच पुटपुटली, "छत्री घेतलीस?"

बाहेर आभाळ स्वच्छ होतं. मावशीनं दारामागची छत्री घेतली आणि दार न जपता, आवाज होईल असं लावलं.